कासवांच्या किनाऱ्यावरचं घोंगडं

माझ्या सासूचं आणि समुद्री कासवाचं पहिल्यापासून जमलं नाही. सासू गोजाबाई सांगोल्याकडची, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. मी वनरक्षक. दुष्काळी मुलखातली, समुद्र फक्त टीव्हीवर बघितलेली, म्हणून बहुतेक खात्यानं मला मुद्दाम कोकणात समुद्रावर टाकली. पोरगी अपेक्षा तेव्हा वर्षाची होती. तिला सासूजवळ ठेवून आले, कारण नवरा मल्हार श्रीपूरच्या साखर कारखान्यात, आणि कारखान्याचा हंगाम नेमका कासवांच्या हंगामाच्या वेळेलाच येतो. ऊस आणि कासव यांनी मिळून आमच्या संसाराची वाटणी करून घेतली म्हणायची.

सासूनं एकदा फोनवर विचारलं, तू तिकडं नेमकं काय करतीस. मी हौसेनं सांगत सुटले. कासवाची मादी रात्री पाण्यातनं वर येते, भरतीच्या रेघेच्या पलीकडं कोरड्या वाळूत चढते, मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा काढते, त्यात शंभरेक अंडी घालते. मग वाळू लोटून, स्वतःच्या अंगानं ती धोपटून धोपटून बसवते आणि समुद्रात परत जाते. आम्ही पहाटे तिच्या पावलांचा माग काढत जातो. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरतो. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण वर येतात.

"आन् आई बघाय कवा येती?" सासूनं विचारलं.

येत नाही म्हणून सांगितलं.

"म्हंजी तुज्यासारकीच की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मला इतका राग आला की जेवले नाही. पण राग धरून करता काय, बोलली ते खोटंही नव्हतं. पोरगी आता अडीच वर्षांची झाली होती आणि गोजाबाईलाच आई म्हणत होती. सुट्टीत घरी गेले की ती माझ्याकडं बघायची, जसं मोजणीला आलेल्या तलाठ्याकडं बघतात. मला बदली पाहिजे होती. सोलापूर जिल्ह्यात कुठंही, करमाळा, मोहोळ, जिथं म्हणाल तिथं. माळढोक पक्षी एकही उरला नसला तरी त्याची राखण करायची माझी तयारी होती.

आमचे साहेब उदयसिंह, स्वतः करमाळ्याचे. आपल्याकडचा माणूस म्हणून मी आशेनं अर्ज दिला. साहेब म्हणाले, या वर्षी किनाऱ्यावर कासव महोत्सव आहे, मुंबईहून मोठे पाहुणे येणार, तो नीट पार पडू दे, मी स्वतः तुमचा अर्ज वर पाठवतो. म्हणजे माझी पोरगी आणि मी यांच्यामध्ये आता फक्त एक पाहुणा उरला होता.

महोत्सव बघायला म्हणून सासूला आणि अपेक्षाला बोलावून घेतलं. गोजाबाई आली ती मार्चच्या घामट उकाड्यात काळं घोंगडं घेऊन. साहेबांना द्यायला. हातानं कातलेल्या लोकरीचं, लई जड. बदलीचं काम आहे, मोकळ्या हातानं जायचं नाही, असं तिचं मत. साहेब घामानं निथळत होते; त्यांनी घोंगडं खांद्यावर घेऊन फोटो काढून दिला आणि मग व्यासपीठावरच्या खुर्चीवर पसरून ठेवलं. ते उबदार आहे, असंही म्हणाले बिचारे.

कुंपणातली घरटी बघून मात्र सासूचं मन जरा निवळलं. प्रत्येक खड्ड्यावर आम्ही टोपली पालथी घालतो, वर आलेलं पिल्लू भटकू नये म्हणून. तिकडं मेंढरांच्या वाड्यावर कोकरांवर असंच डालगं झाकतात. एवढं एक काम खात्यात शहाण्यासारखं चाललंय, असं तिनं साहेबांसमोरच सांगून टाकलं. अपेक्षा तिच्या कडेवरून खाली उतरेना. मी हात पुढं केला की ती आजीच्या पदरात तोंड लपवायची. लोक हसायचे, मीही हसायचे. हसण्यापलीकडं काय करणार होते.

महोत्सवाच्या दुपारी एका टोपलीखाली वाळू खचली. अशी खचली की समजायचं, आत पिल्लं वरच्या वाटेला लागलीत. ऊन उतरून वाळू गार झाली तशी ती भराभर वर आली. वीतभरसुद्धा नाहीत, काळीकरडी, नुसती वल्हवत सुटलेली. मी खूश झाले. पाहुणे सूर्यास्ताला येणार, पिल्लंही सूर्यास्तालाच, बदलीचा मुहूर्तच जणू. पण पाहुण्यांची गाडी घाटात कुठंतरी सत्कारात अडकली होती. साहेब म्हणाले, थांबवा पिल्लं.

पिल्लं थांबत नसतात. त्यांच्या पोटात अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी असते. तिच्यावर त्यांना वाळू तुडवायची, लाटा फोडायच्या, लांब पाण्यात पोचायचं. टबात ठेवली तर टबाच्या भिंतीलाच वल्हवत बसतात आणि शिदोरी तिथंच संपवतात. हे मी साहेबांना दोनदा सांगितलं. साहेबांनी दोन्ही वेळा घड्याळ बघितलं. मी ओलसर वाळू घालून पिल्लांचा टब अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवला आणि मनातल्या मनात पाहुण्याच्या सात पिढ्यांना ओव्या म्हटल्या.

पाहुणे आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि व्यासपीठावर जनरेटरवरचे हॅलोजन पेटले होते. लग्नातसुद्धा एवढा उजेड कुणी करत नाही. पाहुण्यांनी टब हातात घेतला, पाण्यापासून बऱ्यापैकी मागं, मी सांगितलं तिथं पिल्लं वाळूवर सोडली. तेवढं चालणं पिल्लांना लागतंच. टाळ्या झाल्या. पिल्लं क्षणभर थांबली, मान उचलून बघितल्यासारखं केलं आणि सगळीच्या सगळी वळून व्यासपीठाकडं निघाली.

लोकांना वाटलं, पाहुण्यांच्या स्वागताला निघाली. सूत्रसंचालकानं तसं माइकवर म्हटलंसुद्धा. पाहुणे हात जोडून हसले. मी मात्र दिव्यांकडं बघितलं. पिल्लाला समुद्र माहीत नसतो, त्याला फक्त उजेड कळतो. रात्री किनाऱ्यावर झाडं, टेकाड काळं दिसतं आणि पाण्यावर आभाळाचा उजेड सांडलेला असतो. खाली, क्षितिजाशी जिथं उजळ, तिकडं पिल्लू जातं. आजवर उजळ बाजूला फक्त समुद्र असायचा. आता तिथं हॅलोजन लावणारं आमचं खातं होतं.

साहेबांना म्हटलं, लाइट बंद करा. ते दातांतून म्हणाले, पाहुण्यांचं भाषण व्हायचंय, तुम्ही पिल्लं उचलून पाण्याजवळ ठेवा. ठेवली असती, पण उजेड पाठीशी असेस्तोवर ती पुन्हा वळली असती. पिल्लांची पुढची ओळ तर खुर्च्यांच्या पायांपर्यंत पोचली होती आणि त्या खुर्च्यांत माणसं बूट घालून बसली होती. मी अपेक्षाकडं बघितलं. ती आजीच्या खांद्यावर डोकं टाकून उजेडाकडं टक लावून बसली होती. माझी बदली, माझं घर, सगळं त्या जनरेटरच्या एका खटक्यावर होतं. मला माझाच राग आला की मी एवढा वेळ विचार करतेय. गेले आणि खटका ओढला.

एकदम काळोख. माइक मेला. साहेबांनी माझं नाव ज्या आवाजात घेतलं, त्यावरून करमाळा, मोहोळ, दोन्ही गेल्याचं कळलं. मी ओरडून सांगितलं, मोबाइल कुणी काढू नका, पाय हलवू नका, जिथं आहात तिथं उभे राहा. पण व्यासपीठाच्या कोपऱ्यात एक बॅटरीचा दिवा आपोआप पेटला. वीज गेली तर पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून साहेबांनीच आणवलेला. पिल्लं पुन्हा तिकडं वळायला लागली.

तेवढ्यात गोजाबाई शेजारी आली. "धर हिला," म्हणाली आणि अपेक्षाला माझ्या खांद्यावर टाकून पुढं गेली. खुर्चीवरचं घोंगडं ओढलं आणि दिव्यावर फेकलं. तसल्या घोंगड्यातनं दिवसासुद्धा ऊन जात नाही, दिव्याची काय कथा.

मग काहीच दिसेना. हळूहळू समुद्राकडचं आभाळ उजळ दिसायला लागलं, पाणी त्याखाली फिकट हलत होतं. पिल्लं भुलू नयेत म्हणून तांबडा कागद लावलेली बॅटरी मी एकदाच खाली धरली. पिल्लं वळली होती. सगळी एका दिशेनं, घाईघाईनं पाण्याकडं. अपेक्षानं माझ्या मानेत तोंड खुपसलं होतं. कुणाचा खांदा आहे हे तिला दिसत नव्हतं. तिनं हात माझ्या गळ्यात घातला आणि मी श्वास रोखून उभी राहिले. मला वाटलं, भाषण रद्द होऊ दे, नोकरी जाऊ दे, पण हा जनरेटर आता कधीच चालू होऊ नये.

शेवटचं पिल्लू लाटेत गेलं आणि साहेबांनी जनरेटर चालू केला. अपेक्षानं डोकं उचललं, माझ्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. आजीकडं झेपावली. सगळे टाळ्या वाजवत होते.

पाहुण्यांनी भाषण केलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यात असा कार्यक्रम बघितला नाही म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि साहेबांना सांगितलं, "असं माणूस मिळत नाही. हिला इथून कुठं हलवू नका."

साहेब म्हणाले, नाही साहेब, प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रशस्तिपत्र दिलं आणि अर्ज परत दिला. आता वरूनच सूचना आहे, म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर शिक्षा म्हणून तरी कुठं बदलून टाकलं असतं.

मी खोलीवर येऊन रडले. सासूसमोर रडायचं नाही असं ठरवलेलं होतं, तेही जमलं नाही. मला वाटलं आता टोमणा येणार. गोजाबाई तंबाखू मळत बसली होती.

"आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना आमी तिला अंधारात बांदतो," ती म्हणाली. "उजेडात बगती आन् ढुशी मारती. अंधारात वासावर घेती. दिवा घालीव."

मी दिवा घालवला. ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. अपेक्षा अंधारात थोडी मुसमुसली, हातानं चाचपडली आणि माझ्या कुशीत येऊन पडली. पुढं रोज हेच. सांज झाली की आमच्या खोलीत काळोख. शेजारच्या काकूंनी काळजीनं विचारलं, बिल थकल्यामुळं वीज कापली का गं. मी हो म्हटलं. त्यांनी मेणबत्त्या आणून दिल्या, त्या मी फळीवर ठेवून दिल्या.

मेंढरं शेजाऱ्यांवर टाकून सासूला जास्त राहता येणार नव्हतं. एके पहाटे ती आपली एकटीची पिशवी घेऊन उठली. पोरीला उठवू नगंस, म्हणाली. दाराशी थांबली, आत वळून बघितलं आणि पदर तोंडाला लावून तशीच एसटीला गेली. मागं वळली नाही. मला तिला हाक मारायची होती, पण पोर जागी झाली असती.

उजाडलं. खिडकीतनं उजेड सरळ माझ्या तोंडावर आला. अपेक्षा उठून बसली, मला नीट न्याहाळलं, खोलीभर बघितलं.

"आई कुटं हाय?" तिनं विचारलं.

आई म्हणजे गोजाबाई, हे मला माहीत होतं. गावाला गेली, मी म्हटलं. तिचा ओठ थरथरला. मी हात पुढं केला नाही, दिशा तिची तिला ठरवू दिली. तिनं बराच वेळ दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"मला भाकर दे," म्हणाली.

मी उठले आणि चूल पेटवली.