एका नंबराने मागे

बिहारातल्या झाझ्याच्या रेल्वे कॉलनीमागल्या गल्लीत जगतनारायण सिन्हांना सगळे बडेबाबू म्हणत. ब्लॉक ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण गल्लीने त्यांना अजून निरोप दिला नव्हता. लोक मुलांच्या जन्मपत्रिका पंडिताकडे नेत आणि रेल्वेची तिकिटं बडेबाबूंकडे. दोन्हीकडे चेहरा सारखाच पडलेला असे.

बडेबाबू चष्मा कपाळावर सरकवत, मोबाइल नाकाला टेकेल इतका जवळ घेत, दहा आकडी पीएनआर टाकत आणि उमटेल ते वाचून भविष्य सांगत.

"डावीकडचं जन्माचं. तिकीट काढलं तेव्हाचं. उजवीकडचं आजचं. शहाण्याने उजवीकडे बघावं."

"उजवीकडे आरएसी लिहिलंय, बडेबाबू."

"म्हणजे गाडीत चढायचं, बसायचं, पण पाय पसरायचे नाहीत. एक बाक, दोन माणसं. सीएनएफ आलं की पूर्ण बाक तुझा."

"आणि डब्ल्यूएल राहिलं तर?"

"वाट बघायची," बडेबाबू म्हणत. "आणि चार्ट लागल्यावरही वाटच बघत राहिलास, तर मोबाइलवरचं तिकीट आपोआप रद्द. घरी बसून सत्तू प्यायचं."

त्यांची बायको सुनैनादेवी स्वयंपाकघराच्या दारातून हे बेचाळीस वर्षांच्या शांतपणाने ऐकत असे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात बडेबाबूंनी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पुढे बदल्या आल्या, मुली आल्या, मुलींची लग्नं आली, गुडघा आला. समुद्र तेवढा आला नाही. तिने विषय कधी काढला नाही. फक्त पातेल्यात तांदूळ धुताना पाणी हाताने मागेपुढे हलवत ती जरा जास्तच वेळ उभी राही.

यंदा मात्र कुंतीचा फोन आला. कुंती तिची धाकटी बहीण, नवऱ्याच्या नोकरीपायी पुरीला राहिलेली. "दीदी, महिनाअखेर आम्ही गाव सोडतोय. यायचं तर आत्ता ये. नंतर समुद्र असेल, मी नसेन."

बडेबाबूंनी तिकिटं काढली. साधासुधा माणूस दोघांचं एकच तिकीट काढतो. बडेबाबू साधेसुधे नव्हते. त्यांनी दोन काढली, दोन वेगळ्या पीएनआरवर.

"एका खुंटीला दोन म्हशी बांधू नयेत," त्यांनी फूलचंदला समजावलं. फूलचंदची चहाची टपरी त्यांच्या दारासमोरच होती. "दोन नंबर, दोन नशिबं. एक तरी फळतंच."

"आणि दुसरं?"

"दुसरं त्याच्या मागोमाग फळतं."

आधी सुनैनाचं काढलं, कारण साइट नीट चालते की नाही ते एकदा बघायचं होतं. तिचं डब्ल्यूएल सतरा आलं. मग स्वतःचं. अठरा.

पुढचे पंधरा दिवस घर हळूहळू तरंगायला लागलं. सतराचे अकरा झाले, अकराचे सहा. कुणीतरी अनोळखी माणूस कुठेतरी आपला प्रवास रद्द करी आणि इथे झाझ्यात एक बाई एक पाऊल समुद्राजवळ जाई. दुपारी बडेबाबूंना डुलकी लागली की लाटा दिसत. प्रत्येक लाटेच्या कपाळावर नंबर असे. लाट किनाऱ्याला लागली की नंबर एकाने कमी होई, आणि ते वाळूत बसून शेवटची लाट कधी येते ते मोजत राहत. जाग आली की बाजूच्या खोलीतून वाटेसाठी गुळाचे ठेकुए तळल्याचा वास येई.

जायच्या दिवशी सकाळी चार्ट लागला. बडेबाबूंनी आधी तिचा नंबर टाकला. आरएसी, एस चार, सीट एकतीस. बाजूची खालची, खिडकीची. मग स्वतःचा टाकला. मग पुन्हा टाकला. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जे त्यांनी इतक्या वर्षांत कुणाच्या तिकिटासाठी केलं नव्हतं.

डब्ल्यूएल एक.

ते उठून टपरीवर गेले. फूलचंदने मोबाइल बघितला आणि किटली खाली ठेवली.

"एकच तिकीट असतं तर, बडेबाबू?"

"एकच असतं तर चाललं असतं," बडेबाबू म्हणाले. "एकाला आरएसी मिळालं की त्याच पीएनआरवरचा वेटिंगवालाही चढू शकतो. झोपायला जागा नसते, पण नाव असतं. मी तिच्या शेजारी बसलो असतो."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी गेल्या दिवाळीला तुझ्या साडूला हेच सांगितलं होतं."

फूलचंदने मान फिरवून बराच वेळ रस्त्याकडे बघितलं. हसू आवरायची ती त्याची सभ्य रीत होती. "जनरलमधून जा मग."

"रात्रभर उभा? ह्या गुडघ्यावर? गुडघाच उतरेल पुरीला. मी वाटेत आसनसोललाच."

घरी सुनैनादेवी पदर खोचून पिशवीला गाठ मारत होती. बडेबाबू दारातच थांबले. कुणाचंही भविष्य सांगताना त्यांना शब्द शोधावे लागले नव्हते.

"ऐकतेस? तुझं झालंय. माझं राहिलं. एका नंबराने."

तिने गाठ पुरी केली. "म्हणजे?"

"म्हणजे जायचं राहू दे. मी पुन्हा काढतो. या खेपेला एकत्र."

"कुंती महिनाअखेर निघणार."

"तू एकटी कशी जाशील? तुला ते आरएसी म्हणजे काय, ते तरी..."

"गाडीत चढायचं, बसायचं, पाय पसरायचे नाहीत," सुनैना म्हणाली. "एक बाक, दोन माणसं. इतकी वर्षं तेच करत आलेय की." मग तिने पिशवीतून अर्धे ठेकुए काढले, डब्यात भरले आणि डबा फडताळावर ठेवला. "हे तुमचे."

"अगं पण मी काय करू?"

"तुमचं वेटिंग आहे ना?" ती चपला शोधत म्हणाली. "वाट बघा."

दुपारी फलाटावर धूळ उन्हात उभीच राहिली होती, खाली बसायचं विसरल्यासारखी. गाडी आली. फूलचंदने पिशवी चढवली. खिडकीत सुनैना दिसली. तिच्यासमोर बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जाडजूड म्हातारी मांडी घालून बसली होती. जिथे आपण असायला हवं होतं, बडेबाबूंच्या मनात आलं, तिथे ही बसली आहे, आणि हिला कसला पश्चात्ताप नाही. गाडी हलली. सुनैनाने हात हलवला नाही. ती पुढे बघत होती, उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा फोन आला. आधी नुसताच घोंघाट. बडेबाबूंना वाटलं, लाइन खराब आहे.

"ऐकताय का?" घोंघाटातून ती म्हणाली.

"तू आधी बोल तरी."

"मी नाही. हा."

त्यांनी फोन कानाला घट्ट लावला. काहीतरी येत होतं, थांबत होतं, मागे सरत होतं, पुन्हा येत होतं. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

"प्रवासात त्रास झाला का?"

"कटकची म्हातारी होती. ठेकुआ दिला, तर म्हणाली, पाय पसर बाई. आळीपाळीने पसरले." ती थांबली. "पाणी खारट आहे. सांगितलं होतं तुम्ही. खरंच आहे."

फोन ठेवल्यावर बडेबाबूंच्या लक्षात आलं की आपण पलंगाच्या एका कडेला बसलो आहोत, दुसरं टोक मोकळं सोडून. ते तसेच बसून राहिले.

संध्याकाळी गल्लीतला एक नवरा तिकीट घेऊन आला. चेहरा पडलेला. "बडेबाबू, पीएनआर सांगू?"

बडेबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. फडताळावरचा डबा काढून त्याच्यापुढे एक ठेकुआ ठेवला.

"नंतर," ते म्हणाले. "आधी सांग, दोघांचा मिळून नंबर एकच आहे की दोन?"