कै. ढवळू

"मेल्याची चिठ्ठी आणतो आन् वर कोंबडी मागतो! सरकारचा मानूस म्हणून काय झाला?"

कुडाच्या पलीकडे पोशी पुटपुटत होती. कारवीचा कूड तो, शेण निघून गेलेला, त्यातून उसासासुद्धा आरपार जायचा. अलीकडे सुकरी नाचणी पाखडत बसली होती. सासूची ही कुरकुर तिने चार दिवस ऐकली होती. रानशिपाई चिठ्ठी देऊन गेला आणि जाताना लाल कोंबडी काखोटीला मारून गेला, हे पोशीला पोराच्या मरणापेक्षा जास्त लागलं होतं. निदान बोलण्यात तरी तेच यायचं.

सुकरीचा नवरा ढवळू जव्हारच्या तुरुंगात होता. घराला खांब हवा म्हणून त्याने राखीव रानातला साग तोडला. खांब सरकारजमा झाला आणि ढवळूही. पुढे चिठ्ठी आली, आणि तिच्यावरून वांगणीच्या पाड्याने ठरवलं की तो तिथेच मेला.

वांगणीत वाचणारं कोणी नव्हतं. चिठ्ठी वाचली हरिभाऊ शेटनी. मिठाचा आणि सुक्या मासळीचा बैल घेऊन ते पाड्यापाड्याने फिरत. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, ओठ हलवले आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"कै. ढवळू," ते म्हणाले. "कै. म्हणजे कैलासवासी. गेला बिचारा. पुढं लिहिलंय, मु. पूर्ण. मुक्काम पूर्ण झाला म्हणायचा, इथला. नातलगांनी धोतर-घोंगडी घेऊन येऊन न्यावे."

"धोतर कशाला?" सुकरीने विचारलं होतं.

"शेवटचं नेसवायला, बाई. घोंगडी पांघरायला."

सगळं कसं चपखल बसलं. हरिभाऊंचं सारं वाचन म्हणजे नातेवाइकांची पत्रं. लग्नाची, बारशाची, आणि कोपरा फाडून येणारी, मरणाची. त्या पत्रांत कै. म्हणजे एकच. त्यांनी खोटं काही वाचलं नव्हतं.

पण आणायला कोणी गेलं नाही. थोरला दीर पुंजा म्हणाला, मळणी पडलीय. कोणी म्हणालं, बैल लंगडतो. कोणी म्हणालं, एवढ्या दिवसांत सरकारनेच पुरला असेल. एक गोष्ट मात्र झटकन ठरली. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी ढवळूचे दिवस घालायचे, आणि सुकरीच्या गळ्यातली पोत त्याच दिवशी उतरायची. पलीकडच्या पाड्यावरचा काळ्या, बायको मेलेला, दोनदा येऊन पुंजाबरोबर दारू पिऊन गेला होता. दारू कशाची, ते सुकरीला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काळ्या तिच्याकडे बघायचा ते बैलाचे दात बघावेत तसं.

"लाल कोंबडी," पलीकडे पोशी पुन्हा म्हणाली. "अंड्यावरची."

सुकरीचं सूप थांबलं.

मरणाची खबर आणणारा कोंबडी मागत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, पाणीसुद्धा पीत नाही, पाठ फिरवून जातो. कोंबडी मागतो तो पोर झाल्याची, सोयरीक जुळल्याची खबर आणणारा. आणि तो शिपाई तर हसत होता. "चांगली चिठ्ठी आणलीय, काय देतेस?" असं तिलाच म्हणाला होता. मागून हरिभाऊंची टोपी उतरली आणि त्याचं हसणं सगळ्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं. तिच्याही.

ती उठली. दांडीवरचं धोतर घेतलं, घोंगडी घेतली, आणि चिठ्ठी कमरेला खोचली.

"कुठं निघालीस?" पोशीने विचारलं.

"जव्हारला. इचारायला."

पोशी काही बोलली नाही. जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. सुकरीला वाटलं, म्हातारी दुःखाने गप्प आहे.

जव्हारला तुरुंगाच्या फाटकाशी मधुकर कारकून जमाखर्चापेक्षा पानसुपारीत जास्त गुंतलेला होता. सुकरीने लांबूनच चिठ्ठी पुढे केली.

"भाऊसाहेब, ह्यो कै. म्हंजे काय?"

"कै. म्हणजे कैदी. दुसरं काय असणार?" तो हसला. "इथं सगळेच कै. आहेत, बाई. एक मी सोडून, आणि माझंही काही सांगता येत नाही."

"कैलासवासी नाय?"

मधुकरने पान गालात सरकवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "ते घरच्या पत्रात, कोणी थोरमोठं गेलं म्हणजे. आमच्या दप्तरात मेलेल्याला मयत लिहितात, सबंध अक्षरात. आणि सागचोराला कैलास कोण देणार गं?"

"आन् मु.?"

"मुदत. शिक्षेची मुदत पूर्ण झाली. त्याचं अंगावरचं धोतर कुजून गेलेलं, पाय सुजलेले, ताप अंगात. चालवत नाही म्हणून लिहिलं, की न्यायला या. साधी गोष्ट! आमच्याकडे चपराशीसुद्धा समजतो."

"तुमच्याकडं समजत असंल," सुकरी म्हणाली. "चिठ्ठी वांगणीला आलीवती."

मधुकरने पडवीकडे बोट केलं. "तो बघ. रोज फाटकाकडे तोंड करून बसतो. आज येतील म्हणतो."

गोणपाट गुंडाळून ढवळू भिंतीला टेकला होता. तिला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. सुकरीने त्याला धोतर नेसवलं, घोंगडी पांघरली. हरिभाऊ म्हणाले होते ते सगळं तिने केलं, फक्त जित्या माणसाला.

"उशीर क्याला?" त्याने विचारलं.

"मळणी होती," ती म्हणाली.

वावर गावापर्यंत एका गाडीवानाने घेतलं. पुढे ढवळू तिच्या खांद्यावर भार टाकून, बसत-उठत आला. वाटेत त्याने आईची चौकशी केली, भावाची केली, लाल कोंबडीची केली. कोंबडीचं तेवढं सुकरीने खरं सांगितलं.

अंगणात पोचले तेव्हा दिवसांचीच तयारी चालली होती. भगत येऊन बसला होता. चुलखंडावर भात रटरटत होता. काळ्या धुतलेलं मुंडासं बांधून आला होता. हरिभाऊही होते, मीठ त्यांचंच होतं.

कोणी ओरडलं नाही. कोणी धावलंही नाही. भगताने तांदळाची मूठ परत टोपलीत सोडली. काळ्याने मुंडासं चाचपलं आणि तो बांधावरून निघून गेला.

"तसंच लिहिलंय," हरिभाऊ चाचरत म्हणाले. "कै. म्हणजे... कोणीही तेच वाचलं असतं."

"कैदी," सुकरी म्हणाली. "आन् मुदत. तिथल्या चपराश्याला पण ठाव हाय."

"आम्हांला काय कळनार?" पुंजा म्हणाला. "शेटनी वाचला, आम्ही ऐकला."

"इचारायला काय झालता? जव्हार काय दर्यापार हाय? सकाळी निघून मी गेलीच ना?"

पुंजा मळणीचं बोलला. कोणीतरी लंगड्या बैलाचं बोललं. तुरुंगाचं अन्न खाऊन आलेल्याला जातीत परत घ्यायचं तर सगळ्या पाड्याला जेवण घालावं लागतं, हे कोणी बोललं नाही. आजारी माणसाला पोसायचं कोणी, हेही नाही. ढवळू चुलखंडाजवळ बसला होता आणि आपल्याच दिवसांच्या भाताकडे बघत होता. भूक लागली होती त्याला.

"आई," तो म्हणाला, "तू तरी इचारायला लावायचं."

पोशीने हातातला डाव खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले. पोराकडे न बघता, शिजत्या भाताकडे बघत ती म्हणाली,

"इचारला असता, तर आनावा लागला असता."