बरणीवरच्या दोन पट्ट्या

ओतताना बोलायचं नाही, हा आमच्या स्वयंपाकघरातला एकमेव नियम, आणि तो आमच्या ह्यांनी केलेला. एरवी त्यांच्या कानाशी ढोल वाजवा, चालेल. पण सॅलडवर घालायचं तेल नि व्हिनेगर ओगराळ्याने मोजायला घेतलं, की शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायची. नव्याने या घरात आले तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, त्यात एवढं मौनव्रत कशाला?

"घरी चार ताटांना तीन चमचे तेल नि एक चमचा व्हिनेगर," ते म्हणायचे. "चुकलं तर चमचाभर चुकतं. इथे दोनशे माणसं आहेत. पाव लिटरची नऊ ओगराळी तेल आणि तीन व्हिनेगर. एक ओगराळं इकडचं तिकडे झालं की दोनशे तोंडं वाकडी होतील."

आम्ही मोठ्या जेवणांची कामं घेतो. आत हे आणि मी, हाताखाली दोघीतिघी, आणि बाहेरचं सगळं धाकटे दीर बघतात. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे त्यांचं काम. मला ते जमत नाही, माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी सगळ्यांचं मत आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका जेवणात पहिल्याच घासाला लोक ठसकले. ह्यांनी तेलाच्या दर ओगराळ्यामागे एक ओगराळं व्हिनेगर घातलं होतं. आम्ही हसण्यावारी नेलं. मग तेच पुन्हा झालं, आणि त्या वेळी चव घेऊनही ह्यांना काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मात्र मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार.

"वहिनी, दादाला आता घरी बसवू या," भाऊजी म्हणाले. "आणखी एकदा चुकलं तर माझा नाइलाज आहे."

"घरी बसून काय करतील, भिंतींशी गप्पा मारतील? त्यांच्या हातात ओगराळं आहे म्हणून सकाळी उठून दाढी तरी करतात."

पुढच्या जेवणापर्यंत बघू, एवढंच भाऊजींनी कबूल केलं.

मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. मोजायला आठवण लागते, बघायला लागत नाही, हे मला भांडी घासताना सुचलं. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची काचेची मोठी बरणी आणली. आधी पाऊण लिटर पाणी ओतलं आणि पाण्याच्या पातळीवर लाल चिकटपट्टी लावली. मग तीन लिटरपर्यंत भरून तिथे पिवळी लावली. व्हिनेगर लाल पट्टीपर्यंत, मीठ त्यातच विरघळवायचं कारण ते तेलात विरघळत नाही, आणि मग पिवळी पट्टी येईपर्यंत तेल. मोजायचं काही नाही. शिवाय नंतर बरणी नुसती ठेवून दिली तरी व्हिनेगर तळाशी बसतं आणि तेल वर तरंगतं, त्यामुळे दोघांमधली रेघ लाल पट्टीशी जुळते का ते मला लांबूनही दिसणार होतं. स्वतःवर मी फार खूश झाले.

ह्यांनी बरणी फिरवून फिरवून बघितली.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं. नव्या मुलींना शिकवायला बरं पडेल म्हटलं."

"नव्या मुलींना," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना सगळं कळलं होतं. माझा जीव अगदी एवढासा झाला.

जेवणाच्या दिवशी मी त्यांच्या आसपासच घोटाळत होते. त्यांनी व्हिनेगर ओतलं, मीठ हलवून विरघळवलं, तेल पिवळ्या पट्टीला बरोबर टेकवलं. सगळ्यांनी तोंडं शिवली होती. थोडा वेळ बरणी तशीच ठेवली, तर रेघ लाल पट्टीवर येऊन बसली. झाकण लावून त्यांनी ती जोरात घुसळली. भाऊजींनी त्यात सॅलडचं एक पान बुडवून खाल्लं.

"मस्त झालंय, दादा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कांद्यावर ढकललं. कांदा त्या दिवशी दुसरीच कोणीतरी चिरत होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पानं मऊ पडू नयेत म्हणून हे तेल-व्हिनेगरचं ड्रेसिंग अगदी वाढायच्या तोंडावरच घालायचं असतं. मोठ्या स्टीलच्या वाडग्यात पानं काढून ठेवली होती. "आता घाला," असं ह्यांना सांगून मी ताटं बघायला बाहेर गेले. किती वेळ गेले असेन? चार माणसांशी बोलण्याइतका.

परत आले तर वाडग्यातली पानं पोहत होती. ह्यांनी बरणी पानांवर रिकामी केली होती. मग सवयीप्रमाणे ती घासूनपुसून ओट्यावर ठेवली होती. समोर स्वच्छ, रिकामी बरणी दिसली, तिच्यावर दोन पट्ट्या दिसल्या, म्हणून त्यांनी ती पुन्हा भरली. अगदी बरोबर भरली. दुसऱ्यांदा भरलेल्या बरणीतले शेवटचे थेंब ते पानांवर निथळत होते आणि मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. मुलींनी सगळं बघितलं होतं. पण हे ओततायत म्हणून एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.

भाऊजी माझ्या मागेच होते. आम्ही पानं चाळणीत उपसून निथळली, बाजूला ठेवलेली थोडी कोरडी पानं त्यांत मिसळली, आणि निम्म्या ताटांना कसंबसं पुरवलं. उरलेली ताटं सॅलडशिवाय गेली. भाऊजी भांडले असते तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

"पट्टीपर्यंतच भरलं ना मी?" हे विचारत होते.

"हो. अगदी पट्टीपर्यंत."

"मग काय चुकलं?"

भाऊजी पुढे झाले. त्यांनी दादाच्या ॲप्रनची मागची गाठ सोडली, लहान मुलाची सोडतात तशी, आणि म्हणाले, "दादा, दमलायस. घरी जा वहिनीबरोबर." ह्यांनी हात वर करून ॲप्रन काढू दिला. मला भाऊजींचा रागही आला नाही, कारण ते रडत होते.

घरी आल्यावर मी बरणी कपाटात आत ढकलून दिली. संध्याकाळी सॅलडची पानं धुऊन एका लहान वाडग्यात काढली, दोघांपुरती. चवीची इच्छा कोणाला होती, पण ह्यांच्या हातांना काहीतरी हवं होतं. मी त्यांच्यापुढे तेलाची बाटली, व्हिनेगर आणि लहान चमचा ठेवला आणि सवयीने गप्प उभी राहिले.

त्यांनी एक चमचा तेल घातलं. दुसरा भरला आणि हात वरच थांबला. चमच्यातून तेल ओट्यावर ठिबकायला लागलं तरी ते वाडग्याकडेच बघत होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "गप्प का? बोल ना."

मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला.

"हा दुसरा," मी म्हटलं. "आता तेलाचा अजून एक."