आलेल्या प्रश्नांचा डबा

तिची आई वारल्यापासून सातवीतली माझी लेक माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी शिंपी, मलाही गोड बोलणं कधी जमलं नाही. पण परीक्षा आली की ती मशीनसमोर येऊन बसते.

आमची पद्धत ठरलेली आहे. धडा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भरायचं. त्यावरून प्रश्नही तिनेच काढायचे. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पुढे प्रश्न, मागे उत्तर. मी फक्त विचारतो. अडली तरी तोंड उघडत नाही, जीभ कितीही वळवळली तरी. चुकलेला तुकडा परत गड्डीत, आलेला बटणांच्या डब्यात.

गड्डी पातळ होत गेली, तसं आमचं बोलणंही. मग मी डब्यातले तुकडे गुपचूप गड्डीत सरकवू लागलो.

आज तिने पकडलंच. "बाबा, हे मला कालच आलं होतं."

"उजळणी नको?"

"आलेलं थोडे दिवस जाऊ देऊन विचारायचं. तुम्हीच सांगितलंत ना! आता माझी मी विचारेन."

गड्डी घेऊन ती आत गेली. दार लागलं.

तो तुकडा माझ्या हातातच राहिला. 'पानं अन्न कशी तयार करतात?' ऐकून ऐकून उत्तर मला तोंडपाठ झालं होतं. विचारणारं कोणी नव्हतं.