पायरीवरून हाक

मुरूमच्या बाजारपेठेत गौरीशंकर यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्या दुकानाचा एकच कायदा आहे. पायरी उतरलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. हाक मारून भाव उतरवला, की तो माणूस जन्मभर समजतो, आधीचा भाव लबाडीचाच होता. एवढं शहाणपण ज्याच्याकडं, त्यानंच आपल्या लेकीला रोज सकाळी चहाबरोबर "रेट कमी कर" म्हणून सांगावं, हा त्या घरातला चमत्कार होता.

लेक शिवप्रिया. घरात कन्नड, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. कन्नडातलं मराठीत करून द्यायचं, शब्दाला दीड रुपया, असं तिनं ठरवलं आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात कापडाच्या ठाणांच्या आडोशाला लॅपटॉप मांडला. कामं देणाऱ्यांची एक साइट होती. तिथं काम दिसलं की आपला प्रस्ताव पाठवायचा आणि वाट बघायची. वाट बघण्यात ती तीन महिन्यांत चांगलीच तरबेज झाली. त्रेचाळीस प्रस्ताव गेले, काम एकही आलं नाही.

आई सिद्धम्मा हे दुःख मठात जाऊन सांगून आली. "लेकीनं त्रेचाळीस प्रपोजल पाठवली, एकानंबी व्हय म्हणलं न्हाय." दुसऱ्या दिवशी तीन बायका डोळे पुसायला आल्या आणि चौथी उमरग्याचं एक स्थळ घेऊन आली. मुलगा घटस्फोटित होता, पण त्रेचाळीस नकारांनंतर एवढं चालायचंच, असं तिचं म्हणणं.

शेजारचे अडतदार महालिंगप्पा काका जास्त व्यवहारी निघाले. "एक तारखेपासनं माझ्याकडं कॉम्प्युटरवर बस," ते म्हणाले. "पावत्या टाईप करायच्या. पंखा हाय." गौरीशंकरांनी परस्पर होकार देऊन टाकला. एक तारखेपर्यंत काम आलं नाही, तर अनुवाद बंद आणि पावत्या चालू. काकांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली.

एक तारखेला पाच दिवस उरले आणि शिवप्रियाचा धीर सुटला. तिनं एक संदेश लिहिला : शब्दाला पंचाहत्तर पैसे, लगेच करून देते. तोच संदेश आतापर्यंत गप्प बसलेल्या सगळ्यांना धाडायचा होता. तिला स्वतःची शरम वाटत होती, पण पावत्यांची भीती शरमेपेक्षा मोठी होती. बोट बटणावर गेलं, तेवढ्यात दुकानात एक माणूस आला. त्यानं कपाळ पुसलं, दोन धोतरांवरून नजर फिरवली, पाणी मागून घेतलं आणि ते पिऊन तो पायरी उतरून गेला. गौरीशंकर जागचे हलले नाहीत.

"अप्पा, भाव तरी सांगायचा की," ती म्हणाली.

"कुणाला? त्याला आळंदची गाडी धरायची व्हती, सावलीला आलता. त्यानं माल बघितलाच न्हाय, त्याला भाव कशाचा सांगू?"

शिवप्रियाचं बोट बटणावरून उठलं. तिनं वही ओढली आणि तीन महिन्यांत जे करायला हवं होतं ते अर्ध्या तासात केलं. प्रस्ताव समोरच्यानं उघडला की नाही, हे ती साइट दाखवत होती. बघायचा धीर तिला आजवर झाला नव्हता, इतकंच. त्रेचाळिसांपैकी एकतीस कुणी उघडलेच नव्हते. उघडले होते बारा. त्यातल्या दोघांनी उत्तर दिलं होतं : एकाला काम त्याच संध्याकाळी हवं होतं, दुसऱ्यानं नमुना म्हणून दहा पानं फुकट मागितली होती आणि ती मिळाल्यावर तो गायब झाला होता. दीड रुपया महाग आहे, असं आख्ख्या हिंदुस्थानात तिला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. सांगत होते फक्त अप्पा, आणि त्यांना अनुवाद करून घ्यायचा नव्हता.

मग तिनं ते एकतीस वाचले. सगळ्यांची सुरुवात एकच : आदरणीय महोदय, मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे. वाचता वाचता तिला स्वतःलाच जांभई आली. शिवाय बहुतेक प्रस्ताव जाहिरात जुनी झाल्यावर, पन्नास जण आधीच रांगेत उभे असताना गेले होते. उघडलेल्या बारांमध्ये मात्र, न उघडताही दिसते त्या पहिल्याच ओळीत, समोरच्याच्या कामाबद्दल काहीतरी होतं.

पंचाहत्तर पैशांचा संदेश तिनं पुसून टाकला आणि काकांकडं जाऊन सांगितलं, अजून तीन महिने येत नाही. काकांना वाईट वाटलं. खुर्ची पुसलेली होती ना.

"हल्लीच्या पोरास्नी भूक म्हणून न्हाय," ते म्हणाले. घरात अप्पा दोन दिवस बोलले नाहीत, त्यामुळं सकाळचा चहा बरा लागला.

आता ती आठवड्याला पाचच प्रस्ताव पाठवी, तेही आपल्याला येतं त्याच कामांना, जाहिरात आल्या दिवशी. पहिल्या दोन ओळी त्यांच्या कामाच्या, सोबत त्यांच्याच मजकुराचा एक परिच्छेद मराठीत करून. एक परिच्छेद, दहा पानं नव्हे. आठवड्यानं एकदा आठवण करून द्यायची आणि विषय सोडून द्यायचा. वहीत चार रकाने होते : पाठवला, उघडला, उत्तर, काम. चौथा रकाना कोराच राहिला, पण दुसरा भरू लागला. पाचांतले तीन उघडले जात. एका नकारात तर तिचं नाव घालून लिहिलं होतं, "नमुना आवडला, पुढच्या वेळी विचारू." तो नकार तिनं चारदा वाचला. त्या रात्री ती दोन भाकरी जास्त जेवली.

अठ्ठावन्नावा प्रस्ताव बेंगळुरूच्या एका कंपनीला गेला. दूध काढायच्या यंत्राची माहितीपुस्तिका होती. तिनं कन्नडमध्ये लिहिलं, "तुमच्या जुन्या मराठी पत्रकात गायीच्या कासेला स्तन म्हटलंय. आमच्याकडचा शेतकरी ते वाचून हसतो, यंत्र घेत नाही." तासाभरात उत्तर आलं. पत्रकाबद्दल आभार, पण दुसरे लोक ऐंशी पैशांत करतायत, तुम्ही तेवढ्यात करा.

"ऐंशी तर ऐंशी," अप्पा ठाणाच्या पलीकडून म्हणाले. "हातचं सोडू नगंस."

तिनं कंपनीला लिहिलं : रेट दीड रुपयाच. बजेट कमी असेल तर आधी सुरक्षितता आणि सफाई एवढीच पानं करून घ्या, बाकीचं नंतर बघू. मग चार दिवस कंपनी गप्प. पाचव्या दिवशी सकाळी अप्पांना राहवलं नाही. "अगं, एक ओळ लिहून बघ. नव्वद म्हण."

"पायरी उतरलं गिऱ्हाईक, अप्पा. हाक मारू म्हणताव?"

गौरीशंकरांनी कातर उचलली, परत ठेवली आणि नीट घडी घातलेल्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली.

दुपारी कंपनीचा होकार आला. सुरक्षिततेची आणि सफाईची पानं, शब्दाला दीड रुपया, दहा दिवसांत. शिवप्रियानं तीन वेळा वाचलं आणि वहीतल्या चौथ्या रकान्यात पहिली खूण केली. तिचे डोळे भरून आले, आणि ते ठाणाआड लपवायची तिनं काही खटपट केली नाही. संध्याकाळपर्यंत गौरीशंकर आख्ख्या पेठेला सांगून आले होते, "म्या पोरीला आधीपासनं सांगत व्हतो, रेटला हात लावू नगंस." महालिंगप्पा काकांनीही मान डोलावली, त्यांचंही मत तेच होतं म्हणे. शिवप्रियानं कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. तिला एकोणसाठावा प्रस्ताव लिहायचा होता.

दुसऱ्या दिवशी उन्हानं पेठ ओस पडली. दुपारपर्यंत दुकानात बोहणी नव्हती. तीन वाजता एक बाई आली, तिनं एक इरकल साडी उलटीपालटी करून पाहिली, भाव ऐकून नाक मुरडलं आणि ती पायरी उतरू लागली. गौरीशंकरांचा हात वर गेला, तोंड उघडलं. ठाणाआडून टायपिंगचा आवाज थांबला.

त्यांनी तोंड मिटलं. हात वर गेलाच होता, तेव्हा त्याच हातानं त्यांनी पंखा वाढवला आणि इरकलीची घडी घालायला घेतली.