पोटातली चरबी

बाबा गणिताचे शिक्षक होते आणि घरात त्यांचा एकच लाडका आकडा होता: त्रेसष्ट. लग्नात त्यांचं वजन त्रेसष्ट किलो होतं, निवृत्तीच्या दिवशीही तेवढंच होतं. मुलं शाळेत असताना दर रविवारी आंघोळ झाली की ते कॉटखालचा वजनकाटा ओढून काढत. आधी स्वतः उभे राहत, "बघा," म्हणत, आणि मग मुलांना चढवत. धाकटा काडीपैलवान होता. तो चढला की काटा हलला न हलल्यासारखा करायचा. थोरली चढली की बाबा चष्मा पुसून घेत.

"रणगाडा आला. फरशी सांभाळा."

गेल्या रविवारपेक्षा आकडा वाढला असेल तर तिला रात्रीचं जेवण मिळत नसे. तिच्या ताटातलं आई मुकाट्यानं धाकट्याला वाढायची. नववीत असताना एकदा ती प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. बाबा त्याच शाळेत शिकवत, हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. बाबा आले, तिच्याकडे बघून म्हणाले, "उचलायला चारजण लागतील," आणि सगळी रांग हसली.

हे सगळं जुनं झालं. थोरली आता चाळिशीची होती. छापखान्याच्या बाइंडिंग विभागात दिवसभर उभ्यानं काम करायची, एकटी राहायची, चार मजले चढून घरी जायची. मांड्या आणि नितंब भरलेले, कंबर मात्र त्या मानानं लहान. तयार कपडे तिला कधी नीट बसत नसत. धाकटा टायर कंपनीत विक्री अधिकारी होता. दिवसभर गाडीत, जेवण गाडीत, दोन जेवणांच्या मधे गोड शीतपेयाची बाटली. हातपाय बारीकच राहिले होते. शर्ट मात्र तो हल्ली खोचत नसे.

बाबांच्या पोटात पाणी झालं तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. लिव्हर सुकलं होतं, आक्रसून गाठीगाठीचं झालं होतं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मग हे झालं कशानं?

"चरबीनं," रुग्णालयातल्या सर्जनबाई म्हणाल्या. "लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चरबी साठत गेली. त्यानं सूज आली, सुजेचे व्रण झाले. वीस वर्षं मधुमेह आहे, त्यानं आणखी भर पडली."

"चरबी? मला?" बाबांनी अंगावरची चादर बाजूला केली आणि काठीसारखे पाय दाखवले. "माझं वजन बदललेलं नाही हो, बाई. त्रेसष्ट."

"दंडावरचं आणि मांडीवरचं मांस गेलं, पोटात चरबी आली. बेरीज तेवढीच राहिली. तुमचा काटा खोटं बोलत नव्हता, सर. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता."

बाबांना ते अजिबात आवडलं नाही. बाई गेल्यावर ते म्हणाले, "ह्यांना गणित कुणी शिकवलं?"

लिव्हरचा तुकडा कुणीतरी जवळच्या माणसानं द्यायचा होता. तो पुन्हा वाढतो, देणाऱ्याकडे उरलेलाही आणि घेणाऱ्याला दिलेलाही. आईचा रक्तगट जुळत नव्हता आणि वयही बसत नव्हतं. दोन्ही मुलांचा जुळत होता. धाकटाच देणार हे बाबांनी ठरवूनच टाकलं. तरीही रुग्णालयानं दोघांनाही तपासणीला बोलावलं.

दात्यांचं काम बघणारी कोऑर्डिनेटर तरुण, मितभाषी बाई होती. तिनं आधी वजन घेतलं. धाकटा सहासष्ट, थोरली अठ्ठ्याहत्तर. मग तिनं टेप काढला. धाकट्याला शर्ट वर करायला लावून, श्वास सोडायला सांगून, तिनं शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध टेप गुंडाळला. पंच्याण्णव सेंटिमीटर. मग नितंबांवर, जिथं घेर सगळ्यांत जास्त तिथं. त्र्याण्णव.

"म्हणजे पँट घसरणार," धाकटा हसला.

"म्हणजे कंबर नितंबांपेक्षा मोठी," ती म्हणाली. "पुरुषांत कंबर भागिले नितंब शून्य पूर्णांक नव्वदच्या आत असावं. तुमचं एकच्या वर आहे."

थोरलीची कंबर ऐंशी भरली, नितंब एकशे दहा. शून्य पूर्णांक त्र्याहत्तर. बायकांची मर्यादा शून्य पूर्णांक पंच्याऐंशी होती. कोऑर्डिनेटर म्हणाली, "टेप फक्त अंदाज सांगतो. खरं काय ते एमआरआय सांगेल."

धाकट्याचा निकाल चार दिवसांनी आला. सर्जनबाईंनी त्याला पडद्यावर त्याचंच पोट दाखवलं. कातडीखाली चरबीची जेमतेम एक रेघ होती, पण आत, आतड्यांच्या भोवती, सगळीकडे ती दाटून भरली होती. लिव्हरमध्ये चोवीस टक्के.

"मांडीवरची, नितंबावरची चरबी बहुतेक निमूट पडून असते. ही आतली गप्प बसत नाही. तिच्यातून सुटणारी चरबी रक्तवाहिनीतून थेट लिव्हरमध्ये जाते. आम्ही दहा टक्क्यांच्या वरचं लिव्हर घेत नाही. त्यात देणाऱ्यालाही धोका असतो. पण ही चरबी उतरते. गोड पेयं बंद, रोज घाम येईल असं चाला, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघू." त्यांनी पडदा बंद केला. "आणि बाबांसाठी नसलं तरी तुमच्यासाठी करा. तुमची साखरही उंबरठ्यावर आहे."

धाकटा तडक वॉर्डात आला आणि त्यानंच सगळं सांगून टाकलं, कुणीतरी आपली चेष्टा केल्यासारखं. बाबा उशांना टेकून बसले होते, डोळे पिवळे.

"ह्या काडीत चोवीस टक्के?" ते म्हणाले. "मग हिच्यात लिव्हर शोधायला फावडं लागेल."

आई हसली. सवयीनं हसली. थोरली पाण्याची बाटली भरत होती.

"पण निघालं चांगलं तर देईल की," बाबा पुढं म्हणाले, तिच्याकडे न बघता, आईला. "न देऊन सांगते कुणाला? आयुष्यभर माझंच खाल्लंय. खाल्लेलं परत करायचं, एवढंच."

बाटली भरून वाहायला लागली तेव्हा तिनं नळ बंद केला.

तिचा निकाल तिला एकटीला सांगितला. नियमच तसा होता. खोलीत सर्जनबाई आणि कोऑर्डिनेटर, दोघीच.

"तीन टक्के," सर्जनबाई म्हणाल्या. "साखर, चरबी, रक्तदाब, सगळं जागेवर. वजन थोडं कमी असतं तर मला आवडलं असतं, पण ते आड येणार नाही. तुमचं लिव्हर उत्तम आहे."

आपल्या शरीराबद्दल 'उत्तम' हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. तिला रडू आलं नाही. तिला आधी ते लगेच जाऊन बाबांना सांगावंसं वाटलं. पळत जाऊन, शाळेतल्या मार्कांसारखं. आणि तसं वाटलं ह्याचीच तिला शिसारी आली.

कोऑर्डिनेटरनं खुर्ची जवळ ओढली. "आता एकच विचारते. देणं तुमच्या मनात आहे का? मोठं ऑपरेशन आहे, दात्याच्या जिवालाही थोडा धोका असतोच. नाही म्हणालात तर आम्ही कारण विचारणार नाही. घरच्यांना फक्त 'दाता म्हणून योग्य नाही' एवढंच कळवू. आतलं कुणालाही कळणार नाही."

"त्यांना काय वाटेल?"

"त्यांना वाटायचं ते वाटेल."

काय वाटेल ते थोरलीला ठाऊक होतं. बोटांना डिंकाचे वाळलेले पापुद्रे होते, ते तिनं खरवडून काढले.

"नाही," ती म्हणाली. "मी देणार नाही."

"विचार करायला वेळ घ्या."

"चाळीस वर्षं घेतलाय."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयानं कळवलं. आईनं पदर तोंडाला लावला. धाकटा म्हणाला, "ताई, अगं खाताना कधीतरी तोंडाला कुलूप लावायचंस." बाबांनी मान वळवली आणि भिंतीकडे बघून हलवली, वर्गात ढ मुलाचा पेपर परत देताना हलवायचे तशी.

आता सगळी भिस्त धाकट्यावर होती. तीन आठवडे तो चालला. त्याच्या घरचा काटा दोन किलोंनी खाली आला तसा तो घाबरला. बायको म्हणाली, गालफडं बसली. गिऱ्हाईकं विचारायला लागली, बरं नाही का. "चौसष्टवर आलोय, अजून किती झिजू?" असं म्हणत त्यानं बाटल्या पुन्हा सुरू केल्या. थोरलीनं फोन केला.

"काटा नको बघूस. कंबर मोज. तू बारीक नाहीयेस रे, तू फक्त हलका आहेस. थांबू नकोस."

"तू मला शिकवतेस?" तो म्हणाला. "तू?"

ह्यावर तिला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. तिनं फोन ठेवला.

दोन महिन्यांनी त्याच्या लिव्हरमध्ये एकोणीस टक्के निघाले. मृत दात्याच्या यादीत बाबांचं नाव होतं, पण पाळी आली नाही. मग त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. लिव्हर जे गाळत नव्हतं ते मेंदूपर्यंत पोचत होतं. ते दुपारी गाढ झोपत, संध्याकाळी उठून फळा मागत, माणसांची नावं विसरत. थोरलीला मात्र ते शेवटपर्यंत ओळखत होते. छापखान्यातून सुटली की ती रोज जायची, त्यांना पुसायची, कूस बदलून द्यायची. बाकी कुणाला ते उचलवत नसत.

एका संध्याकाळी तिनं त्यांना उचलून बसतं केलं, तेव्हा त्यांनी तिच्या दंडाला चिमटा काढला, मांस धरून, जोरात.

"ह्यानं मारलं मला," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. "तुझ्या चरबीनं."

तिनं त्यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली. काखेत हात घालून धरलं होतं तेव्हा ते तिला अगदी हलके लागले होते. एकदा तिच्या मनात आलं, सांगावं. कानात सांगावं, तीन टक्के. ऐकण्याइतकी शुद्ध त्यांना होती. ती वाकलीसुद्धा. पण बाबांनी डोळे मिटून घेतले होते, ऐकून घ्यायचं नसलं की मिटायचे तसे. चार दिवसांनी ते गेले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दिवाणखान्यात धाकटा बसलेला, समोर ओळखीची माणसं. स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती आणि थोरली कप मांडत होती. आईनं बोलायला सुरुवात केली, तिच्याकडे न बघता, "थोडं कमी खाल्लं असतंस तर..."

"आई, माझं लिव्हर चांगलं होतं," थोरली म्हणाली. "अगदी स्वच्छ. मी नाही म्हटलं."

गाळणीतून चहा पडायचा थांबला. आईनं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसला आणि तो थोरलीच्या उजव्या बरगडीखाली, ब्लाउजच्या खाली उघड्या पोटावर सपाट ठेवला. हात गरम होता.

"इथंच?"

"हो."

"रोज त्यांना उचलत होतीस. इतकं जवळ होतं."

आईनं हात काढला नाही, दाबत नेला, दुखेपर्यंत.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग नको सांगूस. जाडी म्हणून जमलं नाही, हे लोक चार दिवस बोलतील. दिलं नाही, हे तुझ्या पोराबाळांपर्यंत बोलतील. तुला तीही नाहीत, म्हणजे तुझ्याच तोंडावर बोलतील." तिनं हात काढून घेतला. "आणि मला बाई त्यातलं काही ऐकायचं नाही."

ती ट्रे घेऊन बाहेर गेली. बाहेर कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "आणि मुलीचं? मुलीचं नाही का जमलं?"

"कुठलं जमतंय हो," आई म्हणाली. "बघताय ना तिच्याकडे."

कप कमी पडले होते. थोरलीनं फडताळातून आणखी चार काढले, विसळले, आणि बाहेर नेऊन ठेवले. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.