राणीमाशीचं पार्सल

टायपिस्टबाईंनी चौतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. रजेचे अर्ज, नोटिसा, तक्रारी, माफीनामे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात एक मधपेटी ठेवली. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताईंना माश्यांची भारी भीती. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पेटीकडे बघायच्या.

"छोटे, तुझी फौज आज जरा गप्प आहे का गं?" एके सकाळी ताईंनी विचारलं.

छोटी म्हणजे साठीच्या टायपिस्टबाई. त्यांनी पेटीला कान लावला. आत नेहमीची गुणगुण नव्हती, कण्हल्यासारखा आवाज होता. झाकण उघडून त्यांनी पोळ्याची एकेक चौकट उचलून उन्हात धरली. मध होता, माश्या होत्या, पण अंडं एकही नव्हतं. जुनी राणी मागच्या महिन्यात मेली होती. माश्यांनी नवी राणी वाढवली, ती नराच्या शोधात उडाली आणि परत आलीच नाही. एखाद्या पक्ष्याने टिपली असेल. आता नवी राणी घडवायला पेटीत ताजं अंडंच उरलं नव्हतं.

बाईंनी लगेच माश्या पाळणाऱ्या एका व्यापाऱ्याला फोन केला.

"राणी पाठवतो," तो म्हणाला. "काडेपेटीएवढा जाळीचा डबा असतो. आत राणी, तिची सेवा करायला सहा कामकरी माश्या आणि साखरेचा गोळा. सोमवारी टाकतो, गुरुवारी तुमच्या हातात. आठवडाभर तग धरते. डब्यावर लाल अक्षरांत 'जिवंत राणीमाशी' असं लिहितो. मात्र उन्हात ठेवू नका."

गुरुवारी बाई सकाळपासून दारात बसल्या. पार्सल आलं नाही. शुक्रवारीही नाही. व्यापाऱ्याने पाठवलेल्या पावतीवरचा नंबर टाकला की फोनच्या पडद्यावर एकच ओळ यायची, 'पार्सल मार्गावर आहे.'

"कुठल्या मार्गावर?" ताई म्हणाल्या. "चालत येतंय की काय?"

शनिवारी बाई टपाल कार्यालयात गेल्या. खिडकीमागे चष्मेवाला कारकून होता. माणूस सज्जन. त्याने नंबर टाकला, भुवया वर केल्या आणि पडदा बाईंकडे वळवला.

"हे बघा. बुधवारी वर्गीकरण केंद्रात पोचलंय. तिथून पुढे नोंद नाही."

"म्हणजे हरवलं?"

"नाही हो. तिथेच असणार. लेबल ओलं झालं असेल, बारकोडच्या पट्ट्या पुसल्या असतील. मशीनला वाचता आलं नाही की पार्सल बाजूच्या मांडणीवर जातं. मग माणूस पत्ता वाचून हाताने नोंद करतो."

"मग त्या माणसाला फोन करा ना! आत जीव आहे."

कारकुनाने हात जोडले. "बाई, तिथला फोन आमच्यासाठी नाही. मला तक्रार नोंदवता येते, तेवढंच. तुम्ही लेखी द्या. लेखी असलं की वजन पडतं."

लेखी! बाईंना जरा धीर आला. हे काम तर त्यांच्या हातचं होतं. घरी येऊन त्यांनी जुनं टंकलेखन यंत्र टेबलावर ओढलं. ताईंनी समोर चहा ठेवला. बाईंनी लिहिलं,

*मा. तक्रार अधिकारी,*
*पार्सल विभाग.*

*विषय: पार्सल उशिरा येत असल्याबद्दल तक्रार.*

*महोदय,*

*माझ्यासाठी सोमवारी एक पार्सल पाठवण्यात आले. ते गुरुवारी मिळायला हवे होते. आज शनिवार आहे. पार्सल अजून मिळालेले नाही. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.*

*या पार्सलमध्ये जिवंत राणीमाशी आहे. डब्यावर तसे लाल अक्षरांत लिहिले आहे. तिच्याजवळचे खाणे सुमारे एक आठवडा पुरते. त्यानंतर ती जगणार नाही. राणी मिळाली नाही तर माझ्या पेटीतील सर्व माश्या हळूहळू संपतील.*

*पार्सल बुधवारपासून वर्गीकरण केंद्रात आहे, असे मला सांगण्यात आले. कृपया ते शोधून ताबडतोब पाठवावे. शक्य नसल्यास मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.*

*कळावे,*
*आपली ग्राहक*

कागद ओढून काढल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. एकही खाडाखोड नव्हती. कार्यालय बंद व्हायच्या आत त्यांनी तो कारकुनाच्या हातात दिला. त्याने शिक्का मारला, पत्राचा फोटो काढून वर पाठवला आणि तक्रार क्रमांक लिहून दिला. दहाव्या मिनिटाला बाईंच्या फोनवर उत्तर आलं.

'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले जाईल.'

"सात दिवस!" बाई जवळजवळ ओरडल्या. "अहो, कुणी वाचलं तरी का?"

कारकून चष्मा पुसत राहिला. "हे उत्तर यंत्र देतं," तो हळूच म्हणाला. "माणूस सोमवारी वाचेल. कदाचित."

सोमवारपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला होता. सोमवारी दुपारपर्यंतही कुणाचा फोन आला नाही, तेव्हा त्या बस पकडून वर्गीकरण केंद्रात गेल्या. शहराबाहेर पत्र्याची लांबलचक इमारत होती. फाटकाला चौकीदार होता. आतून सरकत्या पट्ट्यावर खोकी पुढे जात असल्याची घरघर ऐकू येत होती.

"बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही," चौकीदार म्हणाला.

"मला आत नाही यायचं. माझं पार्सल बाहेर आणा."

त्याला काय करावं कळेना. त्याने आतल्या मुकादमाला हाक मारली. मुकादम घामाने भिजलेला, दमलेला माणूस होता. त्याने बाईंची पावती पाहिली, पत्राची प्रत पूर्ण वाचली. ते पत्र पूर्ण वाचणारा तो पहिलाच.

"तो बारका डबा ना? लाल अक्षरांचा?" तो म्हणाला. "आहे. मी बघितलाय. जिन्याखालच्या मांडणीवर."

बाई फाटकाला जाऊन खेटल्या. "मग द्या ना मला!"

"देता येत नाही हो. नोंद नसलेली वस्तू फाटकाबाहेर गेली तर माझी नोकरी जाते. नोंद करणारी मुलगी आजारी आहे, तिच्या जागी दुसरं कुणी आलेलं नाही. तिचा पासवर्ड तिलाच ठाऊक. साहेबांना मी दोनदा सांगितलंय."

"साहेब कुठे आहेत?"

"मीटिंगला."

बाईंनी वाद घातला, विनवणी केली, शेवटी रडकुंडीला आल्या. मुकादम जागचा हलला नाही, पण गेलाही नाही. तसाच उभा राहिला.

"जिन्याखाली ऊन येतं का?" बाईंनी शेवटी विचारलं.

"ऊन नाही. पण पत्रा तापतो."

बाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. "मग एवढं तरी करा. जाळीवर दोन थेंब पाणी टाका. दोनच. जास्त टाकलंत तर बुडतील. सकाळी आणि संध्याकाळी."

"टाकतो," तो म्हणाला. "शपथ."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. डबा आपल्यापासून शंभर पावलांवर होता, हे त्यांच्या मनातून जाईना.

पार्सल त्या आठवड्याच्या शुक्रवारी आलं, पाठवल्यापासून बाराव्या दिवशी. टपालवाल्याने सही घेतली आणि सायकल वळवून तो निघून गेला. बाईंनी डबा सावलीत नेला. जाळीच्या कोपऱ्यात पाणी सुकल्याचे पांढुरके डाग होते. मुकादमाने शब्द पाळला होता. साखरेचा गोळा मात्र संपला होता. एक कामकरी माशी अजून पाय हलवत होती. राणी उताणी पडली होती, लांब, सोनेरी. बाकीच्या पाच तिच्या अंगाला चिकटून मेल्या होत्या.

ताई पहिल्यांदाच अंगणात आल्या. भीती विसरून त्यांनी डब्यात डोकावून बघितलं.

"हीच का गं ती?"

"हीच."

व्यापारी बिचारा दुसरी राणी फुकट पाठवायला तयार होता. पण बाईंनी पेटी उघडून बघितली आणि हात टेकले. पोळ्याच्या एकेका घरात चार-चार, पाच-पाच अंडी होती. राणी नसल्यामुळे कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या होत्या. अशा अंड्यांतून फक्त नर निघतात आणि अशी पेटी नव्या राणीला बहुतेक वेळा मारून टाकते. बाईंनी व्यापाऱ्याला तसं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी टपाल कार्यालयातून फोन आला. बाई गेल्या. कारकुनाने एक छापील कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'पार्सल पोहोचले: होय. तक्रारीचे निवारण झाले.' खाली सहीची जागा.

"निवारण?" बाई म्हणाल्या. "राणी मेली, ते कुठे लिहायचं?"

कारकुनाने कागद उलटसुलट करून बघितला. "त्याला रकाना नाही."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर तक्रार उघडी राहते. माझ्या नावावर." एवढं बोलून तो घाईने म्हणाला, "पण तुम्ही माझा विचार करू नका. तुमचं नुकसान झालंय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग मुकादम आठवला, ती आजारी मुलगी आठवली. रागवायला समोर कुणी हवं होतं आणि जो तो आपापल्या खिडकीत अडकला होता. साहेबांना त्यांनी बघितलंही नव्हतं. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. मग सहीखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'राणी मेलेली मिळाली.'

"हे कॉम्प्युटरमध्ये जाणार नाही," कारकून म्हणाला.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "कागदावर तरी राहू दे."

त्या घरी आल्या तेव्हा ऊन कलत होतं. माश्या अजूनही पायांना पिवळे परागकण लावून पेटीत शिरत होत्या, नेहमीसारख्याच घाईत. पेटी संपत चालली असताना त्यांना थांबवायचं कसं, हे बाईंना कळेना. त्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने ताई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

शब्दार्थ

*निवृत्त होणे:* वयामुळे नोकरी संपणे
*मधपेटी:* मधमाश्या पाळायची लाकडी पेटी
*कामकरी माशी:* पेटीतली सगळी कामं करणारी मादी माशी
*तग धरणे:* कठीण काळात टिकून राहणे
*वर्गीकरण केंद्र:* गावांप्रमाणे पार्सलं वेगळी करण्याची जागा
*मांडणी:* वस्तू ठेवायच्या फळ्या
*वजन पडणे:* (इथे) बोलण्याला महत्त्व मिळणे
*प्रत:* मूळ कागदासारखा दुसरा कागद
*ताबडतोब:* लगेच
*खाडाखोड:* लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिणे
*जीव टांगणीला लागणे:* काय होईल या काळजीत राहणे
*मुकादम:* कामगारांवर देखरेख करणारा
*रडकुंडीला येणे:* रडू येण्याच्या बेतात असणे
*हात टेकणे:* आता उपाय नाही, हे मान्य करणे
*निवारण:* अडचण दूर करणे
*रकाना:* छापील कागदावर माहिती लिहायची जागा
*परागकण:* फुलातली बारीक पिवळी पूड